तोच बिघाड, तिसऱ्यांदा

नवी वस्तू बिघडणे ही अघटित गोष्ट नव्हे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हजारो वाहनांपैकी एखाद्या वाहनात एखादा सदोष भाग राहून जातो. उत्पादकालाही हे ठाऊक असते, आणि म्हणूनच तो वाहनासोबत वॉरंटीचे पत्रक देतो. ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक किलोमीटर पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, सदोष भाग विनामूल्य बदलून देण्याचे ते वचन असते. पहिला बिघाड झाला, विक्रेत्याने तो दूर केला, तर तक्रारीला जागा उरत नाही.

परंतु दुरुस्तीनंतर तोच बिघाड पुन्हा उद्भवतो, आणि तिसऱ्यांदाही उद्भवतो, तेव्हा प्रश्न बदललेला असतो. पहिली तक्रार वाहनाविषयी असते. तिसरी तक्रार दुरुस्तीविषयी असते. बिघाडाचे लक्षण प्रत्येक वेळी दूर झाले, कारण मात्र जागच्या जागी राहिले, असा तिचा अर्थ असतो. विक्रेत्याला लिहायच्या पत्रात नेमकी हीच गोष्ट सिद्ध करावी लागते. ती शब्दांच्या तिखटपणाने सिद्ध होत नाही आणि विनवणीनेही होत नाही. ती घटनांच्या क्रमातून सिद्ध होते. असे पत्र म्हणजे आधी एक सुसंगत नोंद आणि मग त्या नोंदीवर आधारलेली एक स्पष्ट मागणी असावी, असे माझे मत आहे. हे मत एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहू. उदाहरण अभ्यासासाठी रचलेले आहे. पण त्यातील बिघाड, त्याची कारणे आणि विक्रेत्याची उत्तरे नेहमीच्या अनुभवातील आहेत.

एक दूधउत्पादक शेतकरी आहे. त्याने 10 मार्च 2025 रोजी तालुक्याच्या गावातील विक्रेत्याकडून नवी मोटारसायकल घेतली. रोज पहाटे तो सात किलोमीटरवरील संकलन केंद्रावर दूध नेतो, म्हणजे जाऊन-येऊन चौदा किलोमीटर होतात. दर सोमवारी बाजारासाठी तो पस्तीस किलोमीटरवरील तालुक्याच्या गावी जातो आणि संध्याकाळी परत येतो. 22 एप्रिलच्या पहाटे गाडी सुरू होईना. स्टार्टरचे बटण दाबले की नुसता ‘कट्’ असा आवाज येई. या गाडीला किक नाही. ढकलून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. 2020 पासून आपल्याकडे भारत स्टेज-6 हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतील कार्ब्युरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आले. तेव्हापासून पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवणारा पंपही बॅटरीवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली, की पंप बंद, पेट्रोल बंद, आणि मग कितीही ढकलले तरी इंजिन पेटत नाही.

शेतकऱ्याने टेम्पोतून गाडी विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरवर नेली. तेथे बॅटरी चार्ज करून गाडी परत दिली. चार आठवड्यांनी, 20 मे रोजी, पुन्हा तेच घडले. या वेळी मेकॅनिकने दोन गोष्टी केल्या. बॅटरी नवी बसवली, आणि हँडलपाशी बाहेरून बसवून घेतलेला मोबाइल चार्जर काढायला लावला. ‘त्यानेच बॅटरी खाल्ली,’ असे तो म्हणाला. 17 जून रोजी नवी बॅटरीही उतरली. या वेळी पुन्हा बॅटरी चार्ज झाली आणि उत्तर मिळाले, ‘तुमचं गाडी चालवणं फार थोडं आहे. गाडीत काही दोष नाही.’

आता हा बिघाड समजून घेऊ, कारण जे समजलेले नाही ते नेमके लिहिता येत नाही. बॅटरी ही घरातल्या पाण्याच्या टाकीसारखी आहे. सकाळी टाकी रिकामी आढळली, तर तीन शक्यता असतात. टाकीलाच भेग असेल; टाकी भरणारा पंप पाणी चढवत नसेल; किंवा कोठेतरी नळ गळत असेल. पहिली शक्यता म्हणजे बॅटरीच सदोष असणे. दुसरी म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज न होणे. इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटोमुळे स्टेटर कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाचा छोटा भाग ती वीज बॅटरीला मानवेल अशी करून देतो. या दोहोंपैकी एकात दोष असला, तर बॅटरी भरत नाही. तिसरी शक्यता म्हणजे चावी बंद असतानाही एखाद्या तारेतून वा उपकरणातून वीज झिरपत राहणे.

या तीन शक्यतांची तपासणी फार कठीण नाही. मल्टिमीटर नावाचे साधे मोजमापयंत्र त्यासाठी पुरते. गाडी काही तास बंद ठेवलेली असताना भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट असतो. इंजिन सुरू करून वेग वाढवला, की तोच दाब 14 व्होल्टच्या आसपास चढायला हवा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस-पुस्तिकेत दिलेला असतो. दाब चढला नाही, तर बॅटरी भरत नाही हे उघड होते. चावी बंद असताना किती वीज झिरपते, हेही याच यंत्राने मोजता येते.

आपल्या उदाहरणातील तीनही भेटींत हे मोजमाप झाले असेल किंवा नसेल. जॉब कार्डावर मात्र एकही आकडा लिहिलेला नाही. रिकामी टाकी भरून दिली गेली, पुढच्या वेळी टाकीच बदलली गेली. पंपाकडे कोणी पाहिल्याची खूण नाही. नवी बॅटरीही चार आठवड्यांत उतरली, ही घटना येथे निर्णायक आहे. जुनी बॅटरी दोषी असती, तर बिघाड तिच्याबरोबर जायला हवा होता. मोबाइल चार्जर दोषी असता, तर तो काढल्यावर बिघाड थांबायला हवा होता. दोन्ही शक्यता विक्रेत्याच्याच दुरुस्तीने निकालात निघाल्या.

उरतो तो ‘थोडे चालवणे’ हा आक्षेप. तो पूर्णपणे खोटा नाही. दर वेळी एक-दोन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीची बॅटरी खरोखरच नीट भरत नाही, कारण स्टार्टर जेवढी वीज घेतो तेवढी परत मिळण्याइतका वेळ इंजिन चालत नाही. पण आपल्या शेतकऱ्याने एक गोष्ट टिपून ठेवली होती. गाडी बंद पडली ते तीनही दिवस मंगळवार होते, म्हणजे बाजाराच्या सत्तर किलोमीटरच्या प्रवासानंतरची पहाट. शिवाय सोमवारी परतीच्या वाटेवर हॉर्नचा आवाज बारीक होतो, हेही त्याच्या लक्षात आले होते. थोड्या चालवण्याने बॅटरी उतरत असती, तर सर्वांत लांबच्या प्रवासानंतर ती सर्वांत चांगली असायला हवी. येथे उलट घडते. इंजिन खूप तापल्यावर चार्जिंग कमी होते, असा संशय यातून येतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा स्टेटर कॉइल थंड असताना नीट काम करते आणि तापल्यावर दगा देते, असे होऊ शकते. सर्व्हिस सेंटरमध्ये थंड इंजिनावर दोन मिनिटांत केलेल्या तपासणीत असा दोष सापडत नाही, आणि मग प्रामाणिक मेकॅनिकही ‘दोष नाही’ असे सांगतो.

येथे पत्राचे खरे काम लक्षात येते. बिघाड केव्हा होतो, कशानंतर होतो आणि कशानंतर होत नाही, ही माहिती फक्त वाहन वापरणाऱ्याजवळ असते. ती तोंडी सांगितली, तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचते आणि तेथेच विरते. लिहून दिली, तर ती व्यवस्थापकापर्यंत आणि उत्पादक कंपनीच्या तंत्रज्ञापर्यंत जाऊ शकते.

पत्राची तयारी मात्र पत्र लिहायला बसण्याच्या फार आधी, पहिल्याच भेटीत सुरू होते. गाडी दुरुस्तीला देताना जॉब कार्ड तयार होते. त्यावर तारीख, किलोमीटरची नोंद आणि ग्राहकाची तक्रार लिहिलेली असते. ही तक्रार कर्मचारी आपल्या सोयीने थोडक्यात लिहितो. ‘बॅटरी चार्ज करणे’ असे तो लिहितो, तेव्हा तक्रारीच्या जागी उपाय लिहिला जातो. ‘सकाळी गाडी सुरू होत नाही, बॅटरी उतरते’ असे लिहून घेण्याचा आग्रह धरावा, मगच सही करावी. गाडी परत घेताना कोणते काम झाले, कोणता भाग बदलला, हे त्याच कार्डावर किंवा बिलावर लिहून घ्यावे. काम विनामूल्य झाले, तरी कागद घ्यावा. वॉरंटीत पैसे लागत नाहीत, म्हणून कागदही लागत नाही, ही समजूत पुढे महागात पडते. कारण ज्या भेटीचा कागद नाही ती भेट झालीच नाही, असे म्हणायला समोरचा मोकळा असतो.

हे सर्व हाती असले, की पत्र अवघड राहत नाही. आपल्या शेतकऱ्याचे पत्र असे असू शकेल :

दिनांक : 19 जून 2025

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
(विक्रेत्याचे नाव व पत्ता)

विषय : वॉरंटीच्या मुदतीतील नव्या मोटारसायकलीत तिसऱ्यांदा उद्भवलेल्या त्याच बिघाडाबाबत.

संदर्भ : (वाहनाचे मॉडेल, नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक, खरेदीच्या बिलाचा क्रमांक व दिनांक 10 मार्च 2025)

महोदय,

वरील मोटारसायकल मी आपल्याकडून खरेदी केली आहे. पहिली विनामूल्य सर्व्हिसिंग 8 एप्रिल 2025 रोजी, 690 किलोमीटरवर, आपल्याकडेच झाली आहे. या वाहनाची बॅटरी वारंवार उतरते व पहाटे वाहन सुरू होत नाही. आजवरचा तपशील पुढीलप्रमाणे आहे.

पहिली वेळ, 22 एप्रिल 2025, 1,030 किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक 412 : बॅटरी चार्ज करून वाहन परत दिले.

दुसरी वेळ, 20 मे 2025, 1,700 किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक 563 : वॉरंटीखाली नवी बॅटरी बसवली. मी 1 एप्रिल रोजी बाहेरून बसवून घेतलेला मोबाइल चार्जर आपल्या सांगण्यावरून त्याच दिवशी काढला. तो पुन्हा बसवलेला नाही.

तिसरी वेळ, 17 जून 2025, 2,370 किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक 718 : नवी बॅटरीही उतरली. बॅटरी पुन्हा चार्ज करून वाहन 18 जून रोजी परत दिले.

तीनही वेळा बिघाड मंगळवारी पहाटे, म्हणजे आदल्या दिवशीच्या सत्तर किलोमीटरच्या प्रवासानंतर झाला आहे. त्या प्रवासात परतताना हॉर्नचा आवाज क्षीण होतो. रोजच्या चौदा किलोमीटरच्या प्रवासानंतर असे झालेले नाही. त्यामुळे वाहन थोडे चालवल्याने बॅटरी उतरते, हे कारण येथे लागू होत नाही असे मला वाटते. बॅटरी बदलून व चार्जर काढूनही बिघाड राहिला आहे. मूळ कारण अद्याप सापडलेले नाही, हे त्यावरून दिसते.

माझी विनंती अशी की,

1. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत तपासणीसाठी दिवस द्यावा. इंजिन थंड असताना आणि वाहन किमान अर्धा तास चालवून इंजिन तापल्यावर, अशा दोन्ही वेळी चार्जिंगचा दाब माझ्यासमोर मोजावा. चावी बंद असताना झिरपणारी वीजही मोजावी. हे आकडे जॉब कार्डावर लिहून द्यावेत.

2. जो भाग सदोष आढळेल तो वॉरंटीखाली पंधरा दिवसांच्या आत बदलून द्यावा. दोष न सापडल्यास उत्पादक कंपनीच्या तांत्रिक प्रतिनिधीकडून तपासणी करवावी.

3. बंद पडलेले वाहन आपल्याकडे आणण्यासाठी तीन वेळा प्रत्येकी 800 रुपये, असे एकूण 2,400 रुपये टेम्पोभाडे मला द्यावे लागले. त्याची भरपाई करावी.

खरेदीचे बिल, वॉरंटीपत्रक, तीनही जॉब कार्डे व टेम्पोच्या पावत्या यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पत्राची एक प्रत उत्पादक कंपनीच्या ग्राहक-सेवा विभागाला पाठवत आहे.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी, नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक)

या पत्रात एकही कठोर शब्द नाही; तरीही ते सौम्य नाही. लिहिणाऱ्याला मनस्ताप झाला नसेल असे नाही. पहाटेचे दूध केंद्रावर वेळेत पोहोचले नाही, तर ते नासते किंवा परत येते, आणि त्या दिवसाची कमाई बुडते. पण मनस्ताप मोजता येत नाही आणि तपासताही येत नाही. तारीख आणि किलोमीटर तपासता येतात. विक्रेत्याने स्वतःच्या दप्तरातील जॉब कार्डे काढून पाहिली, तर पत्रातील प्रत्येक ओळ त्याला तेथे सापडेल. ज्या पत्राची साक्ष वाचणाऱ्याच्याच कपाटात आहे, ते पत्र नाकारणे कठीण असते.

मोबाइल चार्जरचा उल्लेख काहींना अनावश्यक वाटेल. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट आपणच कशाला लिहावी, असा प्रश्न पडेल. माझ्या मते ती लिहिलीच पाहिजे. बाहेरून जोडलेली उपकरणे आणि तारांमध्ये केलेले बदल वॉरंटीच्या अटींत बहुधा वर्ज्य असतात. ही गोष्ट लपवली आणि ती विक्रेत्याने मांडली, तर बाकीच्या खऱ्या तपशिलावरही संशयाची छाया पडते. आपणच मांडली, तर तिचा पुढचा भागही आपल्याला सांगता येतो : चार्जर काढला, तरी बिघाड राहिला. जी गोष्ट पत्राला दुबळे करील असे वाटत होते, तीच येथे पुरावा झाली आहे.

मागणीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ‘मला नवी गाडी द्या किंवा माझे पैसे परत करा,’ अशी मागणी रागाच्या भरात पहिल्याच पत्रात केली जाते. तीन वेळा टेम्पोभाडे भरलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण वॉरंटीचे वचन साधारणतः सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे असते, संपूर्ण वाहन बदलून देण्याचे नसते. 2006 साली एका मोटारीच्या क्लचसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींचा असाच अर्थ लावला आणि संपूर्ण मोटार बदलून देण्याचा खालच्या स्तरावरील आदेश कायम ठेवला नाही. तेव्हा पहिल्या पत्रात योग्य तपासणी आणि सदोष भागाची बदली मागणे शहाणपणाचे ठरते. ती मागणी विक्रेत्याला मान्य करण्याजोगी असते. आणि तीही त्याने मानली नाही, तर पुढे मोठी मागणी करण्याला आधार मिळतो. टेम्पोभाडे मागितले आहे ते पावत्या आहेत म्हणून. ते मिळेलच असे नाही, कारण अनेक वॉरंटीपत्रकांत असा खर्च वगळलेला असतो. तरी त्याची नोंद पहिल्या पत्रातच व्हावी.

पत्र लिहिले तरी ते पोहोचल्याचा पुरावा हवा. स्वतः नेऊन देत असल्यास दुसऱ्या प्रतीवर विक्रेत्याचा शिक्का, सही व तारीख घ्यावी. शिक्का देण्यास नकार मिळाला, तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवावे आणि पावती व पत्र पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. सोबत प्रतीच जोडाव्यात. उत्तराची वाट पाहत असताना बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्यायला हरकत नाही, कारण त्यासाठी काही उघडावे किंवा कापावे लागत नाही. तारा सोडवणे, भाग बदलणे हे मात्र बाहेर करून घेऊ नये. त्याने वॉरंटी नाकारण्याला निमित्त मिळते.

विक्रेत्याकडून येणारे एक उत्तर ठरलेले असते : ‘बॅटरी आमच्या वॉरंटीत येत नाही, ती बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे.’ पुष्कळ वॉरंटीपत्रकांत तसे खरोखरच लिहिलेले असते. बॅटरी आणि टायर यांची हमी त्यांचे निर्माते वेगळी देतात. परंतु आपल्या पत्रातील तक्रार बॅटरीविषयी नाही. बॅटरी उतरवणाऱ्या कारणाविषयी ती आहे. आणि ते कारण चार्जिंगच्या यंत्रणेत असेल, तर ती यंत्रणा वाहनाच्या वॉरंटीत येते का, एवढे पत्रकात पाहायचे. म्हणूनच पत्रात ‘बॅटरी खराब आहे’ असे कोठेही म्हटलेले नाही. ‘बॅटरी उतरते’ असे म्हटले आहे. एका क्रियापदाने जबाबदारी कोणाची हे बदलते. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याला दिसते ते लिहावे. निदान तंत्रज्ञाने करावे.

आता समजा, मागितल्याप्रमाणे तपासणी झाली. इंजिन थंड असताना दाब 14.1 व्होल्ट आला आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर तो 12.4 वर उतरला. मग वादाला जागा राहत नाही. तापल्यावर चार्जिंग बंद पडते, हे दोघांच्याही डोळ्यांसमोर आकड्यांत दिसते. रेग्युलेटर-रेक्टिफायर की स्टेटर कॉइल, एवढाच निर्णय मेकॅनिकला करायचा उरतो. अशा वेळी पत्र हे विक्रेत्याविरुद्धचे शस्त्र न राहता त्याच्या मेकॅनिकला वाट दाखवणारा कागद ठरते.

मात्र प्रत्येक पत्राला असे फळ येत नाही. पंधरा दिवस उलटूनही उत्तर आले नाही, किंवा नुसते ‘तपासले, ठीक आहे’ असे उत्तर आले, तर पहिल्या पत्राचा दिनांक देऊन एक छोटे स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. तिला न्यायनिवाड्याचा अधिकार नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते. वस्तूतील दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो.

आपल्या शेतकऱ्याला येथे एक आक्षेप ऐकावा लागेल : ‘तुम्ही गाडी धंद्यासाठी वापरता, मग तुम्ही ग्राहक कसे?’ नफ्याच्या व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना हा कायदा लागू होत नाही, हे खरे. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे. स्वतःच्या गाई-म्हशींचे दूध स्वतः गाडीवरून नेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनेही ग्राहकच ठरू शकतो.

आयोगासमोर जाण्याची वेळ आलीच, तर तेथे पहिला प्रश्न हाच असतो : विक्रेत्याला आपण केव्हा, काय कळवले आणि त्याने काय केले? त्या वेळी नव्याने काही आठवावे लागत नाही. तीन जॉब कार्डे, एक पत्र, एक स्मरणपत्र आणि त्यांच्या पोचपावत्या एवढे कागद समोर ठेवावे लागतात. त्यांची किंमत पत्र लिहिताना लक्षात येत नाही. पण तारखेमागून तारीख लिहिलेल्या त्या कागदांतच दुरुस्तीचा खरा इतिहास असतो. तो इतिहास लिहिण्याचे काम ग्राहकाचे आहे. मेकॅनिक एकेक भेट पाहतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. तीनही भेटी सलग पाहिलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे गाडीचा मालक.